बायोडाट्यात घातलेलं सेलूचं काम

माझ्या बायोडाट्यातलं सगळ्यात उठून दिसणारं काम माझं नव्हतं.

परभणीच्या एका सहकारी संस्थेत आम्ही दोघे अंतर्गत लेखापरीक्षक होतो. सोबती माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. सेलूच्या जिनिंगची तपासणी त्याने एकट्याने केली. तिथे कापूस तोलणारा माणूसच पावती लिहीत होता, त्यामुळे वजन फुगवलं तरी कुणाला कळलं नसतं. दादाने ही जोखीम हेरली. तोललेल्या काही गाड्या अचानक परत काट्यावर घेऊन वजन पावतीशी ताडून पाहिलं. ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे द्यावीत, ही त्याची शिफारस मान्य झाली. अहवालावर रिवाजाप्रमाणे दोघांच्या सह्या होत्या.

पुढे औरंगाबादच्या एकाच जागेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला. नामांतराच्या दंगलीत दादाचं गावाकडचं घर जळालं होतं. त्याला मुलाबाळांना तिथून हलवायचं होतं. माझी मुलाखत आधी झाली. नंतर दादा आत गेला, तेव्हा उघड्या दारातून मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा आवाज आला, "हे काम सकाळीच ऐकलं. उतरवताना थोडं तरी बदलायचं होतं!" आत सगळे हसले.

बाहेर येऊन दादाने विचारलं, "तू सेलूला कवा गेलतास रे?"

नोकरी मला मिळाली.

कित्येक वर्षांनी त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "दादा, काम तुमचं होतं. मी चोरलं, अन् खोटे तुमी ठरलात. मला माफ करा."