बाईंची खाट दाराशी

चनबसप्पा बिराजदारांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हे सोलापुरात बऱ्याच लोकांना ठाऊक आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याचा रीतसर फायदाही घेतलेला आहे. हॉटेल दानेश्वरीचे ते मॅनेजर, सगळ्यांचे आण्णा. गिऱ्हाईक काउंटरशी आलं आणि काहीही मागितलं, की आण्णांची मान आपोआप डोलते आणि तोंडातून शब्द बाहेर पडतात, "होऊन जाईल की!" गरम पाणी? होऊन जाईल. खिडकीची खोली? होऊन जाईल. लिफ्ट आहे का? होऊन जाईल. हॉटेलला लिफ्ट नाही. मग आण्णा स्वतः बॅगा उचलून जिना चढतात, गिऱ्हाईक मागून मोकळ्या हातानं येतं, आणि एका अर्थानं ते होऊनही जातं.

त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई सांगतात, "मला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, पोरीला पुढं शिकायचंय, शिकवाल का? हे म्हणाले, होऊन जाईल. मला वाटलं, झालं, आता जन्मभर भाकरी थापा. पण बीएच्या परीक्षेला मी आत पेपर लिहीत होते आणि हे बाहेर लिंबाखाली तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होते. पोरगं रडून लाल, आणि हे पोरापेक्षा लाल."

अशा माणसानं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, ती म्हणजे डॉर्मिटरी. हॉटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर एकेक मोठा हॉल होता. लग्नाच्या वऱ्हाडाला गाद्या टाकून द्यायचे. आता वऱ्हाडं गाडीनं येतात, जेवतात आणि फोटो काढून परत जातात. आण्णांनी मालकांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या मागे लागून दोन्ही हॉलमध्ये दुमजली लोखंडी खाटा बसवून घेतल्या. "शाळांच्या सहली येतील, आबासाहेब. पोरांच्या आवाजानं हॉटेल भरून जाईल." हॉटेल भरलं ते धुळीनं. आबासाहेबांचा दुसरा धंदा मंडपाचा. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, "चन्नू, ह्या सहलींच्या मोसमात एक तरी शाळा आण. न्हाय आली तर खाटा भंगारात, आणि हॉलमध्ये माझ्या खुर्च्या."

आण्णा रोज संध्याकाळी वर जाऊन रिकाम्या खाटांवरची धूळ झटकत. कुणी विचारलं तर म्हणत, व्यायाम होतो.

आणि एके दिवशी मोबाइलवर शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र आलं. करमाळा तालुक्यातल्या केम गावच्या शाळेचं, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं. आठवी-नववीची सहल, एक मुक्काम. पहिल्या दिवशी किल्ला आणि विज्ञान केंद्र, दुसऱ्या दिवशी पहाटे नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. मुली किती, मुलं किती, शिक्षक किती, सगळं दिलेलं. मुला-मुलींची झोपण्याची सोय वेगवेगळ्या मजल्यांवर हवी. शिक्षकांची देखरेख कशी राहील ते कळवावे. सकाळी साडेपाचला नाश्ता मिळेल का आणि काय मिळेल ते कळवावे. माणशी दर करासहित द्यावा, किती शिक्षकांचा मुक्काम मोफत तेही लिहावे. खाली नाव होतं, गोदावरी देशपांडे, सहलप्रमुख.

आण्णांनी पत्र अर्धंच वाचलं आणि आनंदानं फोन लावला.

"मॅडम, नमस्कार, दानेश्वरीतून बोलतोय. सगळं होऊन जाईल!"

"सगळं म्हणजे काय काय?" पलीकडून शांत आवाज आला.

"सगळंच की! वेगळे मजले होऊन जातील. नाश्ता होऊन जाईल. आणि तुमच्यासाठी खाली एसी रूम, एकदम फ्री."

"म्हणजे मी खाली एसीत, आणि माझ्या मुली दोन मजले वर?"

आण्णांना ह्यात गैर काय ते पटकन कळेना. आजवर ज्याला एसी फुकट दिला त्यानं कधी प्रश्न विचारला नव्हता. "मग... वर पण एसी..."

"बिराजदार, नान्नजला माळढोक दिसेल का हो?"

"दिसेल की! होऊन जाईल!"

पलीकडे बाई हसल्या, अगदी मनापासून. "अहो, वनखात्याची माणसंसुद्धा एवढी खात्री देत नाहीत. हे बघा, मुलींना रात्रीच्या मुक्कामाला पाठवायला पालक पहिल्यांदाच तयार झालेत, तेही अर्धे. सभेत मला एकेका प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार. 'होऊन जाईल' मी वाचून कसं दाखवू? मला लेखी द्या. जे आहे ते लिहा, जे नाही ते नाही म्हणून लिहा. शनिवारी सभा आहे. आणखी दोन हॉटेलांकडूनही कोटेशन मागवलंय."

फोन ठेवल्यावर आण्णा बराच वेळ काउंटरवरच्या घंटीकडे बघत बसले. नाही म्हणून लिहा! म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला सांगायचं, पोह, आणि वर पोहतानाचं चित्र काढून पाठव.

दुपारी ते पत्र घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. देखरेख म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला ते दाराजवळच्या खालच्या खाटेवर चक्क आडवे झाले. मधला खांब आडवा येऊन अर्धा हॉल दिसेना. त्यांनी खाट ओढली. आता सगळा हॉल दिसत होता, पण दार पाठीमागं गेलं. पुन्हा ओढली. पुन्हा आडवे झाले. तेवढ्यात आबासाहेब वर आले.

"चन्नू! तब्येत बरी हाय न्हवं?"

"मी मॅडम आहे," आण्णा पडल्या पडल्या म्हणाले.

आबासाहेबांनी दाराची चौकट धरली.

"म्हणजे मॅडमची खाट कुठं ठेवायची ते बघतोय. इथून सगळ्या पोरी दिसतात, आणि कुणी दार उघडलं तरी जाग येईल." आण्णा उठून बसले. "पण आबासाहेब, एक घोटाळा आहे. बाथरूम बाहेर आहेत, बोळाच्या टोकाला. रात्री पोरगी उठली तर तीन खोल्यांच्या दारांवरून जाणार. त्या खोल्यांत गिऱ्हाईक असणार."

"असू दे की. ते झोपलेलं असतंय."

"माझी पोरगी असती तर मी पाठवली नसती," आण्णा म्हणाले. स्वतःच्या तोंडून असं वाक्य आलेलं ऐकून ते जरा दचकलेच. मग एका दमात म्हणाले, "त्या रात्री तीन खोल्या बंद ठेवायच्या. मजला फक्त मुलींचा."

आबासाहेबांनी खांबाकडे बघितलं, खाटांकडे बघितलं. "मोसम चाललाय, रिकाम्या ठेवायच्या म्हणतोस? बरं. पण त्यातली एक बसवेशची हाय. त्याला तू सांगायचं. मी न्हाय."

पण आधी स्वयंपाकघर होतं. तिथं हेमावतीबाईंचं राज्य. त्या शहराबाहेरच्या कुंभारीहून येतात.

"साडेपाचला गरम उपीट?" त्या म्हणाल्या. "आण्णा, मला पयली रिक्षा मिळती साडेपाचला. ती काय उडत येती का? तुमी व्हय म्हणून बसलाव की न्हाय?"

"अजून नाही."

"देवा! आजारी हाय का तुमी?" त्यांनी पीठ बाजूला सारलं. "ऐका. आदल्या सांजंला मी शेंगाच्या पोळ्या करून ठेवते. दोन दिवस काय हुत न्हाय त्यांना. रातपाळीचा अमरेश दूध तापवील, तेवढं येतंय त्याला. पोळी, केळं, गरम दूध. पोरं गाडीत बसू द्या. नऊला माळावरनं परत आली की गरम उपीट, पोटभर. कुणाला शेंगदाणा चालत नसंल तर बाईंनी आदी कळवायचं, त्याला बिगरशेंगाची. आन् उगं लिवू नका, साडेपाचला इडली म्हणून!"

राहिले बसवेश. चादरींचे व्यापारी, कलबुर्गीचे. दर गुरुवारी मुक्कामाला येतात, दोनशेचार नंबरची खोली, कित्येक वर्षं तीच. खोलीत त्यांचा देवाचा फोटोसुद्धा कायमचा टांगलेला. सहलीचा मुक्काम नेमका गुरुवारी. आण्णांनी फोन हातात घेतला, ठेवला, पाणी प्यायले, पुन्हा घेतला.

"बसवेश, त्या गुरुवारी दोनशेचार... मिळणार नाही."

"एन री?" पलीकडून कानडीतून 'काय हो' आलं, आणि पाठोपाठ मराठी. "कोण बोलतंय? चन्नूला दे."

"चन्नूच बोलतोय."

"माझी खोली मला न्हाय? कोणता मंत्री यायलाय?"

"आठवीच्या पोरी येतायत. पहिल्या मजल्यावर देतो, रस्त्याच्या बाजूची. जरा आवाज येईल. पंखाही थोडा करकरतो." एकदा नाही म्हटल्यावर आण्णांना ते थांबवता येईना. "आणि फोटो मी खाली आणून लावणार नाही, खिळा ठोकलेला नाही तिथं."

पलीकडे बसवेश खो-खो हसले. "अरे, इतकी वर्षं गरम पाणी हाय म्हणून सांगून गार पाण्यानं आंघोळ घातलीस मला, आन् आज पंखा करकरतो ते आधी सांगतोस? दे, पहिला मजला दे. पोरी खाली उतरल्या की मात्र माझी खोली मला."

संध्याकाळी आण्णा कोटेशन लिहायला बसले. दाक्षायणीबाई समोर बसून लसूण सोलत होत्या आणि मधूनमधून वाकून बघत होत्या. मुली दुसऱ्या मजल्यावर, मुलं आणि सर तिसऱ्या. दोन शिक्षिकांच्या खाटा मुलींच्या हॉलमध्येच, एक दाराशी. दुसऱ्या मजल्यावर त्या रात्री इतर कुणीही राहणार नाही. शिक्षकांचा मुक्काम मोफत, नाश्त्याचे पैसे लागतील. साडेपाचला गरम नाश्ता मिळणार नाही. काय मिळेल ते खाली लिहिले आहे. लिफ्ट नाही. गरम पाणी सहानंतर, म्हणून अंघोळी परतल्यावर. दर करासहित, आगाऊ रक्कम आणि सहल रद्द झाल्यास काय, तेही.

"बाई गं," दाक्षायणीबाई म्हणाल्या, "हे वाचून कोण येणार?"

"तेच म्हणतोय मी," आण्णा म्हणाले, आणि पाठवून मोकळे झाले.

शनिवार गेला. रविवारी आण्णांनी वरची धूळ दोनदा झटकली. सोमवारी सकाळी फोन आला, तेव्हा आबासाहेब काउंटरशीच उभे होते.

"बिराजदार, तुमचं कोटेशन सभेत मोठ्यानं वाचलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दोघांनी साडेपाचला इडली, डोसा, पोहे, सगळं लिहिलंय. दरही तुमच्याहून कमी. पण एका मुलीच्या आईनं विचारलं, मुलींच्या मजल्यावर आणखी कोण असणार? ते त्या दोघांनी लिहिलंच नव्हतं. तुमच्याकडे लिहिलं होतं. मग उरलेल्या अर्ध्या पालकांनीही तिथंच संमतिपत्रावर सह्या केल्या. आगाऊ रक्कम आज पाठवते. आणि दाराशी माझीच खाट. माझी झोप मांजरासारखी आहे."

"हो मॅडम," आण्णा म्हणाले. आणि तेवढ्यावरच थांबले.

फोन ठेवला. आबासाहेब खाकरले.

"आली म्हण की शाळा."

"आली."

"मग माझ्या खुर्च्या ठेवू कुठं? मोसमभर तरी त्या बोळात रचून..."

"बोळात नाही ठेवायच्या. रात्री पोरी अडखळतील."

"मग गच्चीत?"

"गच्चीतही नाही. पोरं तिथं खेळणार."

आबासाहेबांनी आपल्या मॅनेजरकडे नव्यानं ओळख होत असल्यासारखं बघितलं. मग टोपी सारखी केली आणि बाहेर पडले. दुपारी मंडपाचा टेम्पो त्यांच्या स्वतःच्या बंगल्याकडे वळला. दिवाणखान्यात छतापर्यंत लाल खुर्च्या लागल्या, आणि संध्याकाळी आबासाहेब जेवायला दानेश्वरीत आले. घरी बसायला जागा नाही, म्हणाले.