सहाशे बारा जणांची उघडी यादी

३१ मार्च २०२५ रोजी आमच्या रक्तदाता मंडळाच्या खात्यात ६,४१८ रुपये ५० पैसे शिल्लक होते. हा आकडा कोणी विचारला नव्हता. मी तरी सांगितला. अमरावतीच्या एका महाविद्यालयात लेखा विभागात चौतीस वर्षे घालवलेल्या आणि सेवानिवृत्तीला अकरा महिने उरलेल्या माणसाकडून दुसरे होणार तरी काय?

मंडळ औषधविक्रेते खुशालराव यांनी काढलेले. अमरावती आणि अकोला मिळून सहाशे बारा दाते, सगळे एका व्हॉट्सअ‍ॅप गटात. गटाचे व्यवस्थापन एप्रिलमध्ये माझ्याकडे आले. मी पहिल्याच दिवशी ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ अशी सोय करून टाकली. सुप्रभात, फुले, वाढदिवस सगळे बंद. गट इतका शांत झाला की आपण लोकांना मोठे संरक्षण दिले असे मला वाटले.

त्या सहाशे बारांत अकोल्याची नईमा होती. वय अडतीस, ब्लाउज शिवणे आणि फॉल-पिकोचे छोटे दुकान, नवरा फारुख मालाची गाडी चालवतो. रक्तगट ओ निगेटिव्ह. दवाखान्यातून फोन आला की बाई अर्ध्या शिवलेल्या बाहीत सुई तशीच ठेवून उठायची. गिऱ्हाईक कुरकुरले तर म्हणायची, “तुहं ब्लाउज संध्याकाळी होते, तिकडे बाई संध्याकाळपर्यंत राहत नाही.” अशी चौदा वेळा उठली होती. लोहाच्या गोळ्या डब्यात बटणांशेजारी ठेवायची आणि दर चार महिन्यांनी स्वतःहून विचारायची, “भाऊ, माही बारी आली का?”

जूनमध्ये रक्तदाता दिनाला मी एक काम केले, ज्याचा मला सहा आठवडे अभिमान होता. सगळ्या दात्यांची यादी तयार केली. नाव, गाव, वय, रक्तगट, मागच्या रक्तदानाची तारीख, मोबाइल. रक्तगटाप्रमाणे लावलेली, रकाने आखलेले, प्रत्येक पानावर पृष्ठक्रमांक. गटावर टाकली. बेचाळीस अंगठे आले. शिवाय गटात यायची लिंक मंडळाच्या जाहिरातीवर छापली, म्हणजे ज्याला वाटेल त्याने यावे. हिशेब उघडा असावा, हे मला कॉलेजात शिकवले होते. माणूस उघडा असावा असे कोणी शिकवले नव्हते, पण तो भाग मी स्वतः घातला.

जुलैत नईमा गटातून बाहेर पडली. मी वहीत लिहिले, ‘सदस्य कमी : १’.

२२ जुलैला अकोल्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. हिवरखेडची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह हवे. मी नईमाला फोन लावला. क्रमांक बंद. दुसऱ्यांदा लावला, जसा काही माझ्या नीटनेटकेपणाला घाबरून चालू होईल. शेवटी त्याच रक्तगटाचा नांदगाव खंडेश्वरचा नितेश मोटारसायकल काढून निघाला. पोचायला अडीच तास लागले. बाई वाचली. नईमाचे दुकान त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे.

रविवारी मी अकोल्याला गेलो. तिने मशीन थांबवले नाही.

“ताई, गट काहून सोडला?”

“तुमी यादी काहून टाकली?”

मग तिने मशीनवरचा पाय थांबवला आणि जुना मोबाइल माझ्यासमोर ठेवला. ‘हाय’. ‘जेवण झालं का’. ‘फोटो पाठवा’. एकाने लिहिले होते, ‘तुमचा निगेटिव्ह, आमचा पॉझिटिव्ह, जोडी जमते’. रात्री अकरानंतरचे व्हिडिओ कॉल वेगळे. एक जण तर रक्त मिळवून देण्याचे पैसे ठरवत होता.

“मी सगळ्यायले ब्लॉक केलं,” ती म्हणाली. “एक ब्लॉक केला की दुसरा उगवते. फारुख म्हणे सिमच काढून टाक. काढलं. अन् दुकानाच्या पाटीवर तोच नंबर होता, भाऊ. आता गिऱ्हाईक फोन लावते, मी लागत नाही.”

“पण मी तर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असं केलं होतं.”

“गटात लिहू शकत नाहीत. मले तर लिहू शकतात ना?” तिने माझा मोबाइल घेतला, गटाच्या नावावर बोट ठेवले आणि खाली सरकवत गेली. सहाशेहून जास्त क्रमांक, एकामागून एक. “हे तुमी कधी खालपर्यंत पाह्यलं नाही?”

नव्हते पाहिले. ताळेबंदाची शेवटची ओळ पाहिल्याशिवाय मी कधी सही केलेली नाही.

“माह्या लेसवाल्याची व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी हाय,” ती म्हणाली. “त्याच्या घोषणेच्या गटात मले त्याचाच नंबर दिसते. बाकीच्या बायायचे दिसत नाहीत. त्यायले माहा दिसत नाही. तो लेस विकते, तुमी रक्त मागता. त्याले जमलं.”

घरी येऊन मी तशीच कम्युनिटी सुरू केली आणि जुना गट तिला जोडला. सगळे आपोआप घोषणा गटात आले. मी प्रसन्न होऊन नईमाला फारुखच्या फोनवर कळवले.

“जुना गट तसाच हाय?”

“हो, आत जोडला.”

“म्हणजे त्यात नंबर तसेच दिसून राहिले. बाप्पा, समोरचं दार लावलं अन् मागचं उघडंच!”

मग जुना गट एकेकाला काढून बंद केला. लिंक रद्द करून नवी घेतली, ती कुठेही छापली नाही, आणि येणारा प्रत्येक जण आधी मी तपासून घेऊ लागलो. यादी मात्र परत आली नाही. ‘सर्वांसाठी हटवा’ची मुदत कधीच संपली होती, आणि ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्या मोबाइलमध्ये ती माझ्या पृष्ठक्रमांकांसह आहे.

नईमाला संदेश पाठवणाऱ्यांत आमचेच एक दाते पंजाबराव निघाले. एकेचाळीस वेळा रक्त दिलेले, वर्षाला दोन हजार देणगी देणारे. ‘जोडी जमते’ त्यांचेच. मी खुशालरावांना म्हणालो, “समज देऊन सोडू का?”

“समज तुले देऊ का?” खुशालराव म्हणाले. “बाईले रक्त द्याले बोलावतो आपण, का या असल्या लोकायच्या गमतीले?”

पंजाबरावांना काढले. देणगी गेली.

मी नईमाला म्हणालो, “बायकांसाठी तुम्हीच अ‍ॅडमिन व्हा.”

“अ‍ॅडमिनचा नंबर सगळ्यायले दिसते. तुमीच व्हा. तुमाले कोण फोटो मागते?”

खरे आहे. आता दिसणारा क्रमांक माझा एकट्याचा. रोज सकाळी तीस-चाळीस सुप्रभात मला येतात. रक्त हवे असले की मी घोषणा करतो, देणारा मला फोन करतो, आणि त्याचा क्रमांक मी फक्त दवाखान्याला देतो.

नईमाने नवे सिम घेतले. क्रमांक मला सांगताना म्हणाली, “वहीत लिहा. कोणाले दाखवाल तर मी रक्ताचं नाव काढणार नाही.” नोव्हेंबरमध्ये त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडून मशीनचा आवाज बंद झाला आणि ती म्हणाली, “कोणता दवाखाना?” ही पंधरावी वेळ.

दुकानाच्या पाटीवरचा क्रमांक बदलून रंगवायला तिला साडेतीनशे रुपये लागले. ते मी तिला अजून दिलेले नाहीत.