टिन नसलेल्याचं नाव

व्हॅट आला त्या वर्षी माझ्या मावशीला सरकारने गिऱ्हाइकांची चौकशी करायचा परवाना दिला, अशी तिची प्रामाणिक समजूत झाली.

अड्यारमध्ये मावशी आणि काकांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. मी नुकतीच बी.कॉम. होऊन तंजावरहून आले होते. सकाळी बिलं करायची आणि संध्याकाळी मावशीने शोधलेली स्थळं नाकारायची, असा माझा दिनक्रम होता.

काकांच्या ऑडिटरने येऊन दोन बिलबुकं समोर ठेवली. विकण्यासाठी माल नेणारा नोंदणीकृत दुकानदार आला, तर टॅक्स इन्व्हॉइस. त्यावर त्याच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि टिन नंबर, म्हणजे त्याचा व्हॅटचा नोंदणी क्रमांक, हवाच, नाहीतर आपल्याकडे भरलेला कर त्याला त्याच्या करातून वजा करता येत नाही. घरी वापरायला नेणाऱ्याला साधं बिल. त्याला काही वजा करायचंच नसतं, म्हणून त्याचं नाव लागत नाही.

मावशीने यातलं ‘नाव, पत्ता’ एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी एका बाईंना एक बल्ब घेताना नाव, पत्ता, यजमानांची नोकरी आणि थोरल्या मुलाचं वय सांगावं लागलं. मुलगा लग्नाचा आहे कळल्यावर मावशीने खुर्ची मागवली. बाई बल्ब तिथेच ठेवून निघून गेल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी संतापले. बिलबुकाच्या आडून वरसंशोधन!

मी काकांसमोर नियम वाचला. टिन नसेल त्याला नाव विचारायचं नाही.

“आणि टिनवाल्यांस?” मावशीने आशेने विचारलं.

“तिथे दुकानाचं नाव येतं. समोर उभ्या माणसाचं नाही.”

गिऱ्हाइकं पळताहेत हे काकांनी पाहिलंच होतं. त्यांनी माझी बाजू घेतली. मी मोठी कायदेपंडित असल्यासारखी मिरवत होते.

आणि मग तो आला. टेबलफॅन हवा होता. त्याचं तमिळ इतकं भयंकर आणि इतकं मराठी वळणाचं होतं की मीच मराठीत विचारलं. तो दचकला, मग हसला. पुण्याकडचा, शहराबाहेर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, मागच्याच गल्लीत खोली घेऊन राहिलेला. आमची तंजावरी मराठी ऐकून त्याला गंमत वाटत होती, आणि त्याचं हसू पाहून मला. खरं सांगते, मला तो तिथल्या तिथे आवडला. एवढं सगळं कळलं, पण नाव राहिलं.

मी आशाळभूतपणे मावशीकडे पाहिलं. जगातल्या कुणालाही वाट्टेल ते विचारणारी माझी मावशी त्या दिवशी मुकाट्याने साधं बिल फाडत होती.

“नाव नको रे बाळा,” ती गोड आवाजात म्हणाली. “कायदा आहे.”

पुढे तो प्लग घेऊन गेला. मग बल्ब. मग पुन्हा प्लग. एका खोलीला इतके प्लग लागत नाहीत, हे विजेचं सामान विकणाऱ्यांना कळतं. दर वेळी मी खाली मान घालून बिल करायची आणि मावशी कायद्याचं पालन करायची. स्वतःहून नाव विचारावं, तर माझंच नाक कापलं जाणार होतं.

शेवटी तो एक्झॉस्ट फॅन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “कंपनीच्या टिनवर बिल करा. मग तरी नाव लिहाल ना?”

“कंपनीचं लिहीन. तुमचं नाही,” मी म्हणाले. “आणि पंखा तुमच्या खोलीत लागणार. कंपनीच्या नावावर खोटं बिल मी करणार नाही.”

त्याचा चेहरा पडला. माझा तर आधीच पडला होता. इतकं खरं बोलून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. त्याने पैसे काढले. आता हा गेला की परत यायचा नाही, असं मला वाटलं.

“अय्यो, थांब!” मावशी उठली. तिने माझ्याकडे बोट रोखलं. “त्या ऑडिटराने काय सांगितलेलं? टिन नसलेल्याचं नाव लिहायचं नाही म्हणून, की लागत नाही म्हणून?”

मी जमिनीकडे पाहिलं. “लागत नाही.”

“हौस म्हणून लिहिलं तर?”

“चालतं,” मी पुटपुटले.

“सरि!” तिने साधं बिलबुक माझ्यापुढे सरकवलं. “लिही तर. नीट विचारून लिही.”

मी विचारलं. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि न विचारता आईवडिलांचाही सांगितला. काका त्या दिवशी दुपारभर हसत होते.

लग्नात पुण्याच्या बायकांनी मला घेरलं. नाव घे, नाव घे, म्हणून गिल्ला केला. तेवढ्यात पाठीमागून मावशी खणखणीत आवाजात ओरडली, “तिला सोडा हो! टिन नसलेल्याचं नाव ती घेत नाही!”