आणि चौथं

बिरदेवला सगळे डॉक्टर म्हणतात, पण तो डॉक्टर नाही. आटपाडीकडच्या एका जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो पशुधन पर्यवेक्षक आहे. कुणी डॉक्टर म्हटलं की सुरुवातीला तो दुरुस्त करायचा. पुढे त्याने नाद सोडला. शाळेत माझा विद्यार्थी होता तेव्हाही चुकीच्या नावाने हाक मारली तरी ओ द्यायचा. भांडायचा नाही, मनाला लावून घ्यायचा नाही. पण समोरच्याचं काम काय आहे ते मात्र उभ्या उभ्या नीट ऐकून घ्यायचा.

त्याचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांच्या बिऱ्हाडांचा तांडा, उठायचा आणि कोयनेच्या खोऱ्याकडे, तिथून घाट उतरून कोकणात जायचा. बिरदेव तेवढा मामाकडे राहून शिकला. म्हणून नोकरी लागल्यावर त्याने एक गोष्ट केली, जी त्याला कुणी सांगितली नव्हती. परमुलखात गेलेल्या प्रत्येक वाड्याला त्याने आपला नंबर दिला. "लिवाय येत न्हाई तर बोला. बटन दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. रेंजात आलं की मला पोचतंय."

आणि मग ते बोलू लागले. पाटणहून, चिपळूणच्या अंगाच्या गावांतून, कुठल्या कुठल्या माळांवरून. मेंढरांचं खोकणं, खुरांचं सडणं, जंतांचं औषध, पोरीचं लग्न, रेशनकार्ड. एकेक निरोप एवढा लांब की बिरदेवचा चहा गार व्हायचा. शेवटी त्याने दोन नियम घातले. पहिला, प्रश्न मोजून विचारायचे : पहिलं, दुसरं, तिसरं. दुसरा नियम त्याने हसत हसत सांगितला होता. "सगळ्याला उत्तर मागू नका. ज्याला मी काय बोललो न्हाई, त्यात काळजी न्हाई आसं समजा."

मेंढपाळांना हा नियम फार आवडला. आकाराम तर इतरांना समजावून सांगायचा, "आरं, डाक्टर गप बसला म्हंजी मेंढरू जगलं."

आकाराम बिरदेवच्या वडिलांच्या वाड्यातला. नात्याने मामा लागायचा, म्हणून त्याची बायको चंद्राबाई ही मामी. आकाराम बोटांवर मोजून बोलायचा, आणि चौथ्या बोटाला थोडा थांबायचा. अंगठ्यापर्यंत क्वचितच जायचा. चंद्राबाई जवळ असली तर मागून टोमणा ऐकू यायचा, "पाचवं बी इचार की, डाक्टरला दुसरा उद्योग काय हाय?" बिरदेव तो निरोप दवाखान्यात सगळ्यांना ऐकवायचा.

माणसांच्या दुखण्याचं मात्र तो ऐकून घेत नसे. कुणी विचारलंच तर रागवायचा. "मी मेंढराचा हाय. माणूस दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." चंद्राबाईच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता तेव्हा आकारामला त्याने असंच झापलं होतं, आणि आकाराम तिला कुणाच्या तरी दुचाकीवर घालून मुकाट्याने पाटणला घेऊन गेला होता.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात वाडा पाटणच्या वरच्या बाजूला होता. बाकीची बिऱ्हाडं पुढच्या मुक्कामाला गेली. कोकरं लहान होती, चालवत नव्हती, म्हणून आकाराम आणि चंद्राबाई थोडी मेंढरं घेऊन मागे राहिले. खाली रेंज नसायची. फोन करायचा तर टेकाडावर चढावं लागायचं, आणि तिथूनही बोलणं मध्येच तुटायचं. निरोप तेवढा जायचा.

एका सकाळी बिरदेव लसीकरणाच्या कॅम्पला होता. समोर शेळ्यांची रांग, हातात सिरिंज. समीक्षा नावाची शिकाऊ डॉक्टर त्याच्याबरोबर होती, कुंडलची पोर, कामाला चटपटीत. बिरदेवच्या फोनवर आकारामचा निरोप आला. हात भरलेले म्हणून तिनेच तो लावला.

निरोप अगदी लहान निघाला. वारं वाजत होतं, आणि आकारामचा दम लागलेला आवाज : "...आणि चौथं, कोकरं आता कुनाच्या दुधाला लावू? तेवढं सांगा."

समीक्षाने पुन्हा लावला. तेवढंच होतं.

"सर, पहिले तीन कुठं आहेत?"

"आलं न्हाईत."

"मागवायला पाहिजेत ना?"

बिरदेवने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच.

"तर निरोप टाका, की चौथाच मिळाला, बाकीचे परत पाठवा."

बिरदेवने शेळीच्या मानेवरून हात फिरवला आणि विचार केला. हा विचार त्याने पुढे मला अनेकदा सांगितला, आणि दर वेळी तो तसाच सांगितला. आकारामचे प्रश्न त्याला पाठ होते. पहिलं खुरांचं असणार. दुसरं जंतांचं. तिसरं, लोकर कधी कातरायची. त्यांची उत्तरंही आकारामला ठाऊक होती, तो फक्त एकदा खात्री करून घ्यायचा. म्हातारा आत्ता टेकाडावर उत्तराची वाट बघत बसलेला. बाकीचे प्रश्न परत पाठवा म्हटलं तर तो परत सगळं बोलणार, परत निरोप अडकणार, आणि मेंढरं खाली मोकळी.

"म्हाताऱ्याला कशाला तंगवायचं?" तो म्हणाला. "इचारलंय त्याचं नीट सांगतो."

"पण चौथं म्हटलंय सर. म्हणजे—"

"तू शेळी धर."

आणि त्याने खरोखरच नीट सांगितलं. एखादी मेंढी नुकतीच व्यालेली आणि कोकरू गमावलेली असेल तर तिला लावा. तिचंच दूध कोकराच्या पाठीवर, शेपटाखाली चोळा, म्हणजे वास घेऊन ती आपलं मानेल. लाथ मारली तर पहिले दोन-तीन दिवस तिला बांधून पाजा. तशी मेंढी नसेल तर शेळीचं दूध कोमट करून पाजा, थोडं थोडं, दिवसातनं चार-पाच वेळा. एकदम पोट भरून पाजू नका, हगवण लागेल. शेवटी म्हणाला, "काय काळजी करू नका मामा."

थोड्या वेळाने निरोपाखाली निळ्या खुणा उमटल्या. आकारामने ऐकलं होतं. बिरदेव पुढच्या शेळीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाड्यातल्या कुणाचा तरी फोन आला. चंद्राबाई पहाटे गेली.

बिरदेव मोटरसायकल काढून पाटणकडे निघाला. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वाड्यातली माणसं पुढच्या मुक्कामावरून परत आली होती. आकाराम बाजूला कोकरांच्या जाळीपाशी बसला होता. मांडीवर एक कोकरू होतं आणि हातात दुधाची बाटली. पाजायची सवय नव्हती त्याला. बाटली तो फार उंच धरत होता, दूध कोकराच्या नाकावर सांडत होतं. बिरदेव शेजारी बसला आणि त्याने त्याचा हात थोडा खाली घेतला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत आकारामने कोकरांचं कधीच काही विचारलं नव्हतं. कोकरं चंद्राबाईची. कुठलं कुणाच्या दुधाला लावायचं, कुठलं बाटलीवर घ्यायचं, हे तिचं काम. ते आकारामला विचारावं लागलं, याचा अर्थ त्या दिवशी ती उठत नव्हती. तो प्रश्न एकटा आला होता खरा, पण अर्धं सांगत आला होता.

"मामा," बिरदेव म्हणाला, "काय झालं मामीला?"

"आता काय सांगू? तुमाला सांगितलंच हुतं की." आकारामच्या आवाजात राग नव्हता. त्याने कोकरू खाली सोडलं आणि बोटं पुढे धरली. "पहिलं सांगितलं, हिच्या छातीत कळ निघालीय, डाव्या हातात उतरतीया, घाम सुटलाय. दुसरं इचारलं, पित्त आसंल का, सोडा दिलाय, त्येनं उतरंल का. तिसरं, पाटणला न्यायची तर गाडी कुनाची मागवू." चौथं बोट त्याने मोजलं नाही.

आकाराम पुढे सांगू लागला.

"ती म्हणाली, डाक्टरला इचार, त्यो सांगंल तसं करू. मी आलो खाली. म्हणलं, डाक्टर तुझ्याबद्दल काय बोलला न्हाई. तवा हसली बी. म्हणली, मग पित्तच आसंल." आकारामने धोतराच्या सोग्याने हात पुसले. "काटा मोडला तवा लय शिव्या घातल्या हुत्या तुमी. ह्या वक्ताला रागवला न्हाई. मला वाटलं, एवढं काय नसंल. काळजी करू नका म्हणला. मंग गाडी न्हाई बघितली."

वाड्यातली एक बाई चहा घेऊन आली, दोघांपुढे पेले ठेवून गेली. कुणी हात लावला नाही.

"याक इचारू का, डाक्टर? राग मानू नका. तुमी बोलला का न्हाई?"

बिरदेव मला म्हणाला, "सर, तिथंबी मला वाटलं, थोडंच सांगावं. माझी चूक झाली एवढंच म्हणावं. बाकीचं सांगितलं तर म्हाताऱ्याला कळणार, त्याच्या हातनं काय झालं ते." कारण निरोप कसा तुटला हे त्याला तोवर उमगलं होतं. त्याने आकारामला बोलताना अनेकदा पाहिलं होतं. बटणावर बोट दाबून धरलेलं, आणि बोलण्याच्या भरात ते बाजूला घसरलं की आत्तापर्यंतचं सगळं पुसून जातं. म्हाताऱ्याला वाटतं, नुसतं सुटलं. तो पुन्हा दाबतो आणि राहिलेलं बोलतो.

पण थोडं सांगून काय होतं ते त्याच्या समोरच होतं.

"मामा, पहिली तिन्ही मला आलीच न्हाईत," तो म्हणाला. "बोट सरकलं आसंल, ती पुसली गेली. नुसतं चौथं आलं. आणि चौथं म्हणालाय म्हंजी आधी तीन हायती, हे मला कळलं हुतं. पोरगी मला सांगत हुती, इचारा म्हणून. मी न्हाई इचारलं. तुमाला परत टेकाड चढाय लागंल म्हणून न्हाई इचारलं. आणि तीन आली न्हाईत हेबी सांगितलं न्हाई."

आकारामने आपल्या बोटाकडे बघितलं. कोकरू परत येऊन त्याच्या गुडघ्याला धडका देऊ लागलं.

"म्हंजी तुमी आयकून गप न्हाई बसला," तो म्हणाला.

"न्हाई मामा."

"पहाटेपासनं मी त्येच घोळवतोय. डाक्टरनं आयकलं, आणि त्येला काय वाटलं न्हाई." त्याने कोकराला मांडीवर घेतलं. बाटली उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच सांगतोय असं म्हणाला, "मंग तिचं कुनी आयकलंच न्हाई."