जोडलेली फाइल दिसत नाही

आमच्या खिडकीला काच नव्हती, जाळी होती. काच आधी दोनदा फुटली. तिसऱ्यांदा मॅनेजर म्हणाला, "पुरे आता, लोखंडच लावा." मी रुजू झालो तेव्हा जाळी होतीच, आणि मधोमध ती आत दबलेली होती. कोणीतरी टॉमीने मारली होती. टॉमी म्हणजे टायर उघडायचा लोखंडी दांडा. तो ड्रायव्हरच्या सीटखाली असतो आणि टायरपेक्षा माणसांवर जास्त निघतो.

जासईजवळचं कंटेनर यार्ड. बोटीतून उतरलेले डबे आधी आमच्याकडे यायचे, इथून ज्याच्या त्याच्या गोदामाला जायचे. मी बाहेर जायच्या गेटच्या टेबलावर. डबा सोडायचा तर शिपिंग कंपनीचं पत्र लागतं, हा माल ह्या माणसाला द्या म्हणून. त्याला सगळे डीओ म्हणतात. ते पत्र क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसातून मला मेलवर यायचं. मी तपासायचो, गेटपास काढायचो, गाडी सुटायची. डीओला मुदत असते. मुदत संपली की वाढवून आणावा लागतो, आणि तोवर गाडी जागची हलत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बाप मिठागरात राबला, मिठागरं गेली तेव्हा ह्याच पट्ट्यात माथाडी झाला. मी बी.कॉम. झालो. हे मी आजही छाती काढून सांगतो, लाज कसली त्यात. आमच्याकडे बोलण्याआधी हात चालायचा. भावकीत बांधावरून कोयते निघालेले मी लहानपणी पाहिलेत. मला वाटायचं, डिग्री मिळाली, खुर्ची मिळाली, आपला हात आता कोणावर उठत नाही.

मग त्या पहिल्या मेलचं प्रकरण झालं.

वाशीतल्या एका एजंटच्या ऑफिसातून आला. 'डीओ सोबत जोडला आहे, कृपया गाडी सोडावी.' खाली नाव, नंबर, सगळं. जोडलेलं काहीच नाही. कागदाला पिन लावायला विसरावं तसं ते. दिवसातून एकदा कोणाचं तरी होतंच. पण आमच्या लाइनीत मेल म्हणजे पुरावा. गाडी अडली की दंड कोणावर ह्याची भांडणं नंतर होतात, म्हणून मॅनेजरने पहिल्याच दिवशी शिकवलेलं, "चूक दुसऱ्याची असली की लेखी ठोकायचं. सगळ्यांना कॉपी." आणि मला इंग्रजी येतंय हे दाखवायची खाज. मी मोठ्या अक्षरांत, लाल रंगात लिहिलं की कुठलीही फाइल जोडलेली नाही, पाठवण्याआधी डोळे उघडून बघत जा, उशिराला फक्त तुमचं ऑफिस जबाबदार. सगळ्यांना कॉपी. पाठवलं आणि चहा मागवला.

दुपारी एक माणूस बाइकवरून आला. पस्तिशीचा असेल. भुवई फाटलेली, कापूस लावलेला, शर्टाच्या कॉलरवर रक्त सुकलेलं. जाळीखालच्या फटीतून त्याने डीओचा कागद सरकवला.

"ॲक्सिडेंट झाला का?" मी विचारलं.

"नाय. पंचिंग मशीन लागली."

"कशी?"

"सेठने फेकून मारली." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमीच का ते मेलवाले? इंग्लिश भारी हाय तुमचं. सेठने उभं राहून सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. मग मारलं."

पुढचं त्याने गेटपासची वाट बघता बघता सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता सांगावा तसं. ऑफिसात मेल आयडी एकच, तो सेठच्या मोबाइलवरही उघडतो. कामाला बसताना सगळ्यांचे फोन सेठच्या ड्रॉवरमध्ये. लँडलाइन सेठच्या टेबलावर. म्हणजे त्याला काही कळवायचं तर ते सेठसमोरूनच जाणार. "सोडून द्या ना नोकरी," मी म्हणालो. "कोपरखैरण्याला भाड्याने राहतो, दोन पोरं शाळेत," तो म्हणाला आणि पास घेऊन गेला.

घरी बापाला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, तुझा काय दोष.

"तुला म्हायत व्हता का, त्याचा सेठ मारतंय ते?"

"नाय."

"आता हाय," बाप म्हणाला आणि जेवायला बसला.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी, भर उन्हातली दुपार. बाहेर जायच्या दोन लेनपैकी एक खणून ठेवलेली. उरलेल्या लेनच्या तोंडाशी एक भरलेला ट्रेलर अडकला. डबा चढला, गेटवर आला, आणि तपासताना दिसलं की डीओची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. मागे गाड्यांची रांग, त्याला मागेही घेता येईना. एजंट तेच, वाशीवाले. वाढवलेला डीओ मेलवर पाठवतो असा त्यांचा निरोप आला होता.

अर्धा तास गेला. मागचे ड्रायव्हर उतरले. आधी शिव्या, मग दारावर लाथा. अडकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी केबिनमधून पायाला धरून खाली ओढला. तो डोक्यावर पडला. आमचा वॉचमन, गावातलेच काका, मध्ये पडले, "अरे मरंल ना तो!" तर त्यांच्याच कानाखाली बसली आणि टोपी गटारात गेली. पडलेला उठला तो सीटखालून टॉमी ओढूनच. पहिला दांडा कोणाच्या तरी खांद्यावर बसला, तो आवाज मी आत ऐकला. ओल्या गोणीवर फळी मारावी तसा. मॅनेजर वरच्या मजल्यावर दार लावून पोलिसांना फोन करत होता.

मग ती माणसं माझ्या खिडकीवर आली. "पेपर दे, भेंचोद! गाडी निकाल!" जाळीवर दांडे पडायला लागले. एकाने फटीतून हात घालून माझा शर्ट धरला आणि तोंड जाळीवर आपटलं. ओठ फुटला. मी पेपरवेट उचलून त्याच्या बोटांवर मारला. खोटं कशाला बोलू, दोनदा मारला. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

तेवढ्यात स्क्रीनवर मेल आला. वाशीहून. 'मुदत वाढवलेला डीओ सोबत जोडला आहे.'

उघडला. सोबत काही नाही.

माझं डोकं फिरलं. तोंडात रक्त, समोर दांडे, आणि हा माणूस परत तेच करतो? मी 'रिप्लाय ऑल' दाबलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. तुमच्या बेपर्वाईमुळे इथे माणसं रक्तबंबाळ झालीयत, हे लिहूनही झालं. ते खरंच होतं. पाठवायचंच बाकी होतं.

मग आठवलं की हे आधी सेठ वाचणार. उभा राहून.

पेपरवेट अजून डाव्या हातात होता. त्याच्यावर कातडीचा तुकडा चिकटलेला. मी तो खाली ठेवला आणि लिहिलेलं सगळं पुसलं. वाटलं, आमचाच सर्व्हर बिघडलाय म्हणून लिहावं. पण खोटं पकडलं गेलं असतं, कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं असतं, आणि मग त्या माणसाला दुप्पट मार बसला असता. म्हणून जे होतं तेवढंच लिहिलं. 'मेल मिळाला, धन्यवाद. डीओची फाइल मला इथे दिसत नाहीये. कृपया पुन्हा पाठवाल का? गेटपास तयार ठेवला आहे, फाइल आली की लगेच गाडी सोडतो.' रंग नाही, मोठी अक्षरं नाहीत. मॅनेजरला जाणारी कॉपी काढून टाकली. आमच्याकडे हा गुन्हाच होता.

मिनिटभरात टेबलावरचा फोन वाजला. सेठ.

"दिसत नाय म्हणजे काय? त्याने जोडलीच नाय ना? विसरला ना हरामखोर?"

"सेठ, मला फाइल दिसत नाय. एवढंच मी सांगू शकतो."

"अरे सरळ बोल ना. ह्याची चूक हाय का नाय? माझ्यासमोर उभा हाय तो."

मागे कोणीतरी हळू आवाजात "सर, सर" म्हणत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इकडे जाळीचा एक कोपरा चौकटीतून सुटला होता आणि त्यातून दांड्याचं टोक आत-बाहेर होत होतं.

मी ओरडलो. माझा आवाज असा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. "सेठ! तुमच्या गाडीपायी इथे एकाचा खांदा मोडलाय, माझं तोंड फुटलंय. तुमचा ड्रायव्हर रक्तात बसलाय. मला आत्ता फाइल पाहिजे. ती कोण पाठवणार, तुम्ही? तुम्हाला येते पाठवायला?"

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"येते का?"

"नाय येत," सेठ म्हणाला.

"मग ज्याला येते त्याला खुर्चीवर बसू द्या. हात नका लावू त्याला. मी फोन ठेवत नाय, फाइल येईपर्यंत असाच धरून बसतोय."

त्याने मला आईवरून शिवी दिली. पण फोन त्यानेही ठेवला नाही. मी ऐकत राहिलो. सेठचा जोरात चाललेला श्वास, पंखा, आणि मग कीबोर्डची टकटक. तो आवाज मी जन्मात कधी एवढा कान देऊन ऐकला नव्हता.

मेल आला. ह्या वेळी डाव्या कोपऱ्यात फाइलची खूण होती. उघडली, नंबर जुळवला, मुदत बघितली. बरोबर होती.

"आली," मी फोनवर म्हणालो. "त्यांना थँक्यू सांगा."

"सांगतो," सेठ म्हणाला. सांगितलं का ते मला माहीत नाही.

पास घेऊन मी दार उघडून बाहेर गेलो. फटीतून कोण घेणार होतं? ज्याची बोटं मी ठेचली होती तो समोरच उभा होता, हात काखेत धरून. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनीही काही केलं नाही. अडकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने कपाळाला फडकं बांधलं होतं. पास घेताना कागदाला त्याच्या रक्ताचा अंगठा लागला. त्याने गाडी काढली आणि मागच्या गाड्या एकेक करून सुटल्या. पोलीस त्यानंतर आले.

संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "मला कॉपी का नाय केलंस? उद्या भांडण आलं तर पुरावा काय दाखवू?"

"माझा ओठ दाखवा," मी म्हणालो. मला मेमो मिळाला. तो मी सही करून घेतला.

दुसऱ्या दिवशी वाशीहून नेहमीसारखा मेल आला, वेगळ्या गाडीचा. फाइल जोडलेली होती. मजकुरात कामाच्या ओळी, आणि शेवटी, सेठ वाचणार हे माहीत असूनही, एक जास्तीची ओळ. 'काल दोन्ही भुवया शाबूत घेऊन घरी गेलो.'

मी उत्तर दिलं. 'फाइल मिळाली. गाडी सोडली.'