फार चांगला आकडा

ताई मुलखाची घाबरट. रस्ता ओलांडताना चारदा मागे बघणार, गॅसचं बटण बंद केलं तरी घराच्या पायरीवरून परत येऊन पुन्हा पिरगाळणार. ऑफिसातले सगळे तिची टर उडवायचे. पण जुन्या घरांची थंडी घालवायची, वीज-गॅसचं बिल खाली आणायचं, या धंद्यात तिच्या घाबरटपणाचीच किंमत होती. घर म्हटलं की हिच्या डोक्यात आधी वाईटच यायचं: इथे ओल धरेल, तिथे वासा कुजेल, तिथे धूर कोंडेल.

लोक तिच्याकडे मासिकातलं कात्रण घेऊन यायचे. "आम्हाला असं पॅसिव्ह हाउस हवंय." ताई चष्मा कपाळावर ढकलून समजावायची. अहो, त्या घराचं तत्त्व साधं आहे. भिंत, छप्पर, जमीन सगळ्यांना मिळून एकच अखंड दुलई, मध्ये कुठे तुटायची नाही. तिहेरी काचांच्या खिडक्या. फटी जवळजवळ नाहीतच. आणि एवढं बंद केल्यावर घराला श्वास हवा, म्हणून एक यंत्र, जे जाणाऱ्या हवेची ऊब काढून येणाऱ्या हवेला देतं. नवं घर बांधताना हे सगळं जमतं. तुमच्या जुन्या घरात जमीन उकरणार आहात? ही दुलई जिथे तुटते, तो गॅलरीचा स्लॅब कापणार आहात? मग छपराखाली जाड थर घाला, फटी बुजवा, खिडक्यांना रबरी पट्ट्या लावा. विटांच्या भिंतीला आतून थर द्यायचा असेल तर आधी ओलीचा विचार, नाहीतर भिंत आतल्या आत भिजेल. आणि काही झालं तरी आधी हवेची सोय, मग फटी.

हेच सगळं तिने धाकट्या भावाच्या घराला लावलं. भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण. आईवडिलांमागे हिनेच त्याला वाढवलं. त्याचं घर जुनं, विटांचं. त्यात बायको आणि सहा महिन्यांची छकुली. वारा सुटला की खोल्यांतले पडदे आपोआप हलायचे, पोरीला सारखी सर्दी. ताईने छपराखाली थर घातला, दारं-खिडक्या, पाइपांची भोकं, सगळं बंद केलं. एकच अडचण होती. स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी तापवायचा जुना गॅस हीटर होता. तो ज्वाळेसाठी हवा खोलीतूनच घ्यायचा आणि धूर चिमणीतून वर सोडायचा. बाहेरून हवा घेणारा बंदिस्त हीटर मागवला होता, पण यायला उशीर होत होता. तोवर ताईने हीटरजवळच्या भिंतीत मुद्दाम एक भोक ठेवलं, चांगलं वीतभर, जाळी लावून.

"याला हात लावायचा नाही," ती भावाला म्हणाली होती.

"नाही गं बाई, नाही लावत," तो हसला होता. विषारी वायूचा अलार्म ती नव्या हीटरबरोबरच बसवणार होती. एवढ्या घाबरट बाईने तेवढं मात्र पुढे ढकललं. कर्म!

त्या सकाळी ती चाचणीला गेली. हीटर बंद केला, पुढच्या दारात कापडी चौकट ताणून पंखा बसवला. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आणि फटींतून एकूण किती हवा आत शिरते ते यंत्रावर कळतं. आकडा आला आणि ताई चक्क उडालीच. तिच्या हिशोबापेक्षाही कमी! भावाने टाळ्या वाजवल्या. भावजय छकुलीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही हसली. ताईने सगळ्यांना यंत्राजवळ घेऊन आकड्यासकट फोटो काढला. एरवी चाचणी संपली की हीटर पेटवायचा, स्वयंपाकघराचा हवा बाहेर टाकणारा पंखा लावायचा आणि धूर चिमणीत वर जातो की खाली उलटतो ते धुराची कांडी धरून बघायचं, हा तिचा नेम. त्या दिवशी तिने हीटर नुसता पेटवला आणि निघाली. भाऊही तिच्याबरोबरच कामाला बाहेर पडला.

ऑफिसात तिने या घराचं गणित मांडणाऱ्या इंजिनिअरला फुशारकीने फोटो दाखवला.

"वा! आणि भोक धरून एवढा कमी?" तो म्हणाला.

ताईने फोटो परत ओढून घेतला. भोक धरून एवढा आकडा येणं शक्यच नव्हतं. त्या भोकातूनच हवा धो-धो आत यायला हवी होती.

तिने भावजयीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. मग भावाला.

"भोक बुजवलंस का?"

"काल संध्याकाळीच!" तो खुशीत म्हणाला. "छपराखालच्या थराचा उरलेला कापूस कोंबला, वरून तुझीच टेप. जाळी परत बसवली, म्हणून तुला कळलं नाही. म्हटलं, तुझा आकडा चांगला यायला हवा. तू एवढी खपलीस..."

"गाढवा! घरी पळ! आणि आधी शेजाऱ्यांना फोन कर, दारं उघडायला सांग!"

रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना ती दोनदा चुकली. दुपारची वेळ, म्हणजे छकुलीच्या अंघोळीची. हीटर चालू, स्वयंपाकघरात पंखा चालू, पंखा हवा बाहेर ओढतोय, आत यायला वाट नाही. मग धूर चिमणीतूनच उलटा खाली. तोच धूर ज्वाळा पुन्हा ओढणार, आणि त्यातून तो वायू होणार, ज्याला ना रंग ना वास. ताईला हे पाठ होतं. किती जणांना घडाघडा सांगितलं होतं! आता गाडी चालवताना ती एकटीच मोठ्याने बोलत होती, "छकुले, रड गं. रड. कुणाला तरी ऐकू जाऊ दे."

शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं, भाऊ अजून पोचायचा होता. घरात शांतता. ताईने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि ऑफिसातून निघताना बॅगेत टाकलेलं विषारी वायूचं मीटर किंचाळायला लागलं.

भावजय न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली होती. छकुली टॉवेलात, डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला. ताईने श्वास कोंडून धरला, पोरीला उचललं आणि थेट अंगणात नेलं. परत आत गेली. हीटर बंद केला, खिडक्या उघडल्या, भावजयीला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं. एवढी ताकद कुठून आली देव जाणे. रुग्णवाहिका आली तेव्हा छकुलीने बारीकशी कुरकुर केली आणि ताई तिथेच मटकन खाली बसली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, दोघी वाचल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. भाऊ भिंतीला डोकं टेकून ओक्साबोक्शी रडत होता. ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याला कुशीत घ्यावंसंही. तिने यातलं काहीच केलं नाही. ती आत भावजयीच्या पलंगाशी जाऊन बसली.

भावजयीने ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केला.

"ताई, सकाळी उठून पाणी तापवल्यापासूनच माझं डोकं ठणकत होतं. मळमळतही होतं. तुम्ही आलात तेव्हा सांगणार होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला इतकं खूश कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, आज नको घाबरवायला."