दोनदा तळलेला पापड

“पेणच्या मास्तरांनी मंडळाला एक डबा करून दिला होता. हा डबा गाण्यातला वरचा आवाज कापी आणि खालचा फुगवी. अखेरीस वडिलांनी तो भर बैठकीत उपटून बाजूला ठेवला, तबकडीची वायर सरळ अँप्लिफायरला जोडली आणि गाणे मोकळे झाले. चांगल्या गाण्याला औषधाची गरज नसते, हे त्या दिवशी रोहेकरांना कळले.”

रोह्याच्या श्रोतृमंडळाने नुकत्याच काढलेल्या स्मरणिकेतला हा उतारा. लिहिणारे आमच्या वकीलसाहेबांचे चिरंजीव. पेणचा मास्तर म्हणजे मी. शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आणि फावल्या वेळात अँप्लिफायर बांधले. वकीलसाहेब आज हयात नाहीत, म्हणून गप्प बसावे असे काहींनी सुचवले. ते हयात असताना मी गप्प बसलो नाही, तर आताच का बसावे? माझ्या डब्यावर आळ आला आहे आणि त्याची बाजू मांडायला माझ्यावाचून कोणी उरलेले नाही.

मंडळाचे मूळ ग्रामोफोन यंत्र साधे होते. त्याच्या सुईमागे स्फटिक असे. सुई जेवढी हलते तेवढी वीज स्फटिक देतो, म्हणून तबकडीत मुद्दाम केलेला फरक (तो कोणता, ते पुढे येईलच) तो आपला आपण जवळजवळ भरून काढतो. वायर रेडिओच्या मागे खुपसावी आणि गाणे ऐकावे. पुढे वकीलसाहेबांनी मुंबईहून चुंबकी कार्ट्रिजचे, म्हणजे सुईमागे स्फटिकाऐवजी चुंबक असलेले, यंत्र आणले. रेडिओला लावले तर आवाज कुजबुजीएवढा. मग त्यांनी ते सभेच्या अँप्लिफायरला, माइकच्या जागी लावले. आवाज मोठा झाला. पण तबला पत्र्याच्या डब्यावर वाजतो आहे आणि गायिकेला कोणी चिमटा काढतो आहे असे वाटू लागले. मागे सतत सरसर. मला बोलावणे आले.

“मास्तर, दुकानदाराने फसवलं. नोटीस पाठवतो,” वकीलसाहेब म्हणाले.

“दुकानदार निर्दोष आहे. तुम्ही कच्चा पापड खाताय,” मी म्हणालो.

वकीलसाहेबांच्या पत्नी चहा घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. पापडाचा विषय असल्याने त्यांना माझे बोलणे ऐकण्याजोगे वाटले असावे.

मी सांगितले ते असे. तबकडीवरच्या खोबणीचे वेढे एकमेकांना लागून असतात, शेतातल्या बांधांसारखे. खर्जाचा सूर सुईला डावीउजवीकडे लांबवर झुलवतो. तो मूळच्या जोराने कोरला तर शेजारच्या बांधावर चढेल, सुई उडेल आणि तबकडीच्या एका बाजूवर निम्मेसुद्धा गाणे मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबतात. वरच्या सुरांचे नेमके उलट. त्यांच्या हालचाली इतक्या बारीक की तबकडीच्या पृष्ठभागाच्या सरसरीत बुडून जातील. म्हणून ते मुद्दाम चढवून कोरतात. मधला पट्टा जवळपास जागच्या जागी; अगदी खालचे टोक सुमारे दहापट दबलेले, अगदी वरचे सुमारे दहापट चढलेले. हे माप सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच ठरवले आहे, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना प्रीअँपने, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी लावायच्या छोट्या अँप्लिफायरने, बरोबर उलट करायचे: खर्ज उचलायचा, वरचे सूर उतरवायचे. वरचे सूर उतरताना सरसरही त्यांच्याबरोबर उतरते, हा खरा फायदा.

“म्हणजे पापड पातळ लाटून वाळवला तो डब्यात जास्त मावावा आणि टिकावा म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “आणि तळल्यावर फुलतो.”

“वहिनी, तुमची साक्ष नोंदवून घ्यायला हवी.”

“आणि आम्ही इतके दिवस कच्चे चघळत होतो, असं म्हणताय?” वकीलसाहेबांचा चेहरा उतरला, पण फिर्याद त्यांनी सोडली नाही. “मास्तर, ज्याने कापलं त्याला कापणारा म्हणतात. तुमचा डबा वरचे सूर कापणार.”

“कापणार नाही. चढवलेले होते, ते जागेवर आणणार.”

मी डबा केला. आत दोन ट्रान्झिस्टर आणि माप साधणारे मोजके रेझिस्टर व कपॅसिटर. एसटीतून मांडीवर घेऊन रोह्याला नेला. पहिली तबकडी संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आज तबला जमिनीवर बसला.” ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र मला शाळेनेही दिलेले नाही. पुढे कित्येक वर्षे मंडळाने त्या डब्यातूनच ऐकले, हे स्मरणिकेत का नाही?

मग वकीलसाहेबांच्या मेहुण्याने परदेशाहून नवा अँप्लिफायर आणला. ती बैठक मी चुकवली, पेपर तपासायचे होते. वकीलसाहेबांनी माझ्या डब्याची पिन त्याच्या मागच्या पहिल्या मोकळ्या सॉकेटमध्ये घातली. आवाज फाटला, खर्ज ढगासारखा गडगडला आणि गायिका गोधडीत शिरली. त्यांनी डबा उपटला, यंत्र सरळ त्याच सॉकेटला जोडले, गाणे गोड झाले. इथपर्यंत चिरंजीवांचे लिहिणे खरे आहे. माणूस खोटे बोलत नसला की त्याला खोडणे अधिक कठीण जाते.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने डबा माझ्या हातात दिला. “वकीलसाहेब बोलले, याची आता गरज नाय. आन् मास्तरांना सांग, पापड कच्चाच बरा.”

मी तसाच पुढच्या गाडीने रोह्याला गेलो.

“वकीलसाहेब, पिन कुठे घातलीत?”

“मागे. भोकात.”

“कुठल्या?”

“भोक ते भोक. त्यात काय खानदान बघायचं?”

“तळलेला पापड तुम्ही परत कढईत टाकलात. त्या भोकामागे, अँप्लिफायरच्या पोटात, माझ्याच डब्याचा सख्खा भाऊ बसलाय. माझ्या डब्याने वाढवून सरळ केलेलं गाणं त्याने पुन्हा वाढवलं, पुन्हा उतरवलं. म्हणून फाटलं. तबकडीला औषध लागत नाही असं नव्हे. तुम्ही दोन वेळा पाजलंत.”

“पुरावा?”

“आता यंत्राची पिन टेपसाठीच्या, शेजारच्या भोकात घाला. तिथे कोणी बसलेलं नाही.”

त्यांनी घातली. आवाज डासाएवढा. त्यांनी बटण पूर्ण फिरवले, तेव्हा माइकच्या दिवसांतला तोच पत्र्याचा तबला, तीच सरसर. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज मात्र बाहेरच राहिला.

“तुम्ही काहीतरी केलंत,” वकीलसाहेब म्हणाले.

“माझे हात खिशात आहेत.”

“मग योगायोग.” त्यांनी पिन परत जुन्या जागी घातली, आणि मंडळात शेवटपर्यंत सांगत राहिले की तबकडी सरळ जोडावी, मध्ये काही लागत नाही. मंडळी हसत, पण कोणाच्या बाजूने, ते मला कधी कळले नाही.

स्मरणिका हाती आल्यावर मी रोह्याजवळच्या वरसे गावी चिरंजीवांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, माझे भाषण सभ्यपणे ऐकले आणि म्हणाले, “काका, बाबांना त्यात काही फरक पडत नव्हता. कुठेही जोडा, म्हणायचे.”

“अँप्लिफायर आहे का?”

होता. कपाटात, पाठ भिंतीकडे. दोघांनी मिळून फिरवला. मागे सॉकेटांची रांग, सगळी सारखी. त्यांतल्या फक्त एकाभोवती, फोनो लिहिलेल्या, तबकडीसाठीच्या सॉकेटभोवती, लाल डाग.

“हे काय?”

“ती लाख. बाबांची ऑफिसातली, पाकिटं बंद करायची. त्यांनीच लावलीय. दुसऱ्या भोकात कोणी पिन घातली की भयंकर ओरडायचे.”